बेन्नूवरचा खार

29 जानेवारी 2025 या दिवशी बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून आणलेल्या मातीबद्दल दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एकात सेंद्रिय रेणूंची यादी होती, दुसऱ्यात क्षारांची. गाजावाजा झाला तो पहिल्याचा. जीवसृष्टीचं साहित्य अंतराळात सापडलं, असे मथळे आले. क्षारांना कुठे जागा मिळाली तर ती बातमीच्या शेपटाला. माझ्या मते हा क्रम उलटा हवा होता. हे मत मी ताईंकडून उचललेलं आहे. ताई आयुष्यभर भूविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. विनय त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, जीवरसायन शिकवणारा. 'जीवसृष्टीचं साहित्य' हे शब्द कानावर पडले की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. या मातीवरून दोघांचं चांगलंच जुंपतं. त्या वादाचा धागा पुढे दिला आहे. मध्ये मध्ये तोंड घालायचा मोह मलाही आवरलेला नाही.

विनय : ताई, मला राग बातमीचा नाही, तिच्या शिळेपणाचा येतो. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ अशनी पडला. त्यात अमिनो आम्लं आहेत हे वर्षभरात कळलं. पुढे त्याच दगडात डीएनए-आरएनएमधले बेसही मिळाले. मग यान पाठवून सात वर्षांनी 121.6 ग्रॅम माती आणली, त्यात पुन्हा अमिनो आम्लं निघाली, यात नवं काय?

ताई : नवं हे की ती माती इथल्या हवेला लागलेली नाही. तुला ही बाब किरकोळ वाटत असेल, पण माझ्या विषयात सगळा घोळ तिथेच होतो. 1864 मध्ये फ्रान्समध्ये ऑर्गेय गावी एक अशनी पडला. बेन्नूच्या मातीशी ज्यांची रासायनिक जवळीक आहे अशा मोजक्या दगडांपैकी तो एक. त्याच्या तुकड्यांत सल्फेटच्या पांढऱ्या शिरा दिसत. कित्येक दशकं आम्ही शिकवत आलो की मूळ लघुग्रहातून वाहिलेल्या पाण्याचीच ती खूण आहे. मग 2001 मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की त्या शिरा संग्रहालयाच्या कपाटात वाढल्या! दमट हवेतलं पाणी दगडात शिरत होतं, क्षार विरघळवत होतं आणि भेगांमध्ये पुन्हा जमवत होतं. अंतराळातल्या पाण्याचा पुरावा म्हणून आपण पॅरिसचा पावसाळा वाचत होतो.

विनय : पण ते क्षारांचं झालं. सेंद्रिय रेणू काही हवेतून वाढत नाहीत.

ताई : वाढत नाहीत, पण त्यांना वाढवणारे जीव येतात. जपानच्या हायाबुसा-2 यानाने रयुगू लघुग्रहावरून आणलेल्या मातीचा एक कण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेला होता. तपासणीसाठी तो हवेत उघडला गेला. काही दिवसांनी त्याच्यावर काड्यांसारखे आणि तंतूंसारखे आकार दिसू लागले. त्यांची संख्या आधी वाढली, मग घटली. जीवाश्मांची संख्या अशी वाढत-घटत नाही. ते इथलेच जिवाणू होते. लघुग्रहावरच्या सेंद्रिय पदार्थावर त्यांनी मजेत संसार थाटला होता. जपानमध्ये तो कण निर्जंतुक ठेवला होता, तरीही एवढ्याशा उघडझापीत हे झालं. हा निबंध 2024 चा.

ऑर्गेयबद्दल आणखी एक गंमत ताईंनी सांगितली नाही, ती मी सांगतो. 1960 च्या दशकात त्याच्या एका जुन्या तुकड्यात वनस्पतीचं बी सापडलं आणि क्षणभर खळबळ उडाली. नीट तपासल्यावर कळलं की कुणीतरी एकोणिसाव्या शतकातच ते बी कोळशाच्या चुऱ्यासह दगडात खोचून वरून डिंकाने बुजवलं होतं. अंतराळातले जीव शोधण्याच्या धंद्यात लबाडीही जुनीच आहे.

बेन्नूची माती या सगळ्यातून वाचावी म्हणूनच एवढा खटाटोप होता. ऑक्टोबर 2020 मध्ये नासाच्या ओसिरिस-रेक्स यानाने बेन्नूच्या पृष्ठभागाला यांत्रिक हात टेकवला, नायट्रोजनचा झोत सोडून धूळ उडवली आणि ती पकडली. 24 सप्टेंबर 2023 रोजी तिची कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. ह्यूस्टनमध्ये नायट्रोजन भरलेल्या पेटीत, हातमोज्यांमधून ती उघडली गेली. दोन स्क्रू अडकून बसले, तर त्यांच्यासाठी खास हत्यार बनवलं आणि त्यात काही महिने गेले, पण झाकण जबरदस्तीने उघडलं नाही.

विनय : ठीक. कुपी स्वच्छ. पण यानाचं काय? बेन्नूवरून वर उठताना यानाने जोर मारला तो हायड्राझिनवर. हायड्राझिन फुटलं की अमोनिया बनतो. आणि तुमचे लोक सांगतात की मातीत अमोनिया भरपूर सापडला. मला तर हसूच आलं होतं.

ताई : हसण्याआधी पुढचं पान वाचायचं होतंस. शंका बरोबर आहे, त्यांनाही ती आली होती. किलोभर मातीत साधारण 230 मिलिग्रॅम अमोनिया निघाला. मग त्यातला नायट्रोजन तोलला. नायट्रोजनचे दोन स्थिर प्रकार आहेत, 14 आणि 15 वजनाचे. इंधन पृथ्वीवर बनतं, त्यामुळे त्यात जड नायट्रोजनचं प्रमाण आपल्या हवेतल्यासारखं असतं. मातीतल्या अमोनियात ते प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. असा जड नायट्रोजन सूर्यापासून दूरच्या, फार थंड जागी जमलेल्या बर्फात सापडतो. म्हणजे तो अमोनिया बेन्नूचाच, आणि बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे त्या पिंडात गारठ्यातला बर्फ होता.

विनय : हे मान्य. अमिनो आम्लांचीही अशीच परीक्षा झाली, तेही मान्य. ती आमच्याच विषयातली आहे. थोडी भुकटी काचेच्या नळीत पाण्यासह बंद करायची, उकळत्या पाण्याइतक्या तापमानात दिवसभर ठेवायची, मग त्या अर्कातले रेणू एकेक करून वेगळे करायचे. जीवसृष्टी प्रथिनांसाठी वीस अमिनो आम्लं वापरते, त्यांतली चौदा निघाली. पण त्यांच्या सोबत आमच्या पेशी कधी प्रथिनात घालत नाहीत अशीही कितीतरी निघाली. आयसोव्हॅलिन हे त्यांतलं एक. तुमचा हात लागला असता तर फक्त आमची नेहमीची आम्लं दिसली असती. अशी उधळमाधळ, पाच कार्बनच्या रेणूचे जमतील तेवढे सगळे आकार, हे जीव नसलेल्या रसायनाचं काम. जीव निवड करतो. तिथे निवड नाही.

ताई : मग भांडतोयस कशाला?

विनय : कारण यादी म्हणजे उत्तर नाही. डीएनए-आरएनएचे पाचही बेस सापडले, डिसेंबर 2025 मध्ये रायबोज आणि ग्लुकोजही जाहीर झाले. उत्तम. पण किती? रयुगूच्या मातीत 2023 मध्ये युरासिल मिळालं, ते टनभर मातीत 6 ते 32 मिलिग्रॅम या हिशेबाने. चिमूटभरही नाही. बेन्नूत हे बेस त्याहून जास्त आहेत, तरी मोजायचं अब्जांश भागांतच. असा दगड समुद्रात पडला तर त्या युरासिलची दुसऱ्या युरासिलशी गाठ कधी पडायची? शिवाय तुम्ही त्या कार्बनचं कौतुक करता, बेन्नूच्या वजनाचा साडेचार टक्क्यांहून थोडा जास्त कार्बन आहे म्हणता. अशा दगडांतला बहुतेक कार्बन डांबरासारख्या न विरघळणाऱ्या गिचक्यात अडकलेला असतो. कामाचे रेणू म्हणजे त्यातला किरकोळ अंश.

इथे ताईंनी चष्मा काढून ठेवला. हे लक्षण मला माहीत आहे. आता क्षार येणार.

ताई : तुझा आक्षेप पातळपणाचा आहे. रेणू आहेत, पण इतके पातळ की एकमेकांना भेटत नाहीत. म्हणूनच मी म्हणते दुसरा निबंध वाच. बेन्नूच्या मातीतलं जवळजवळ ऐंशी टक्के आकारमान चिकणमातीसारख्या खनिजांचं आहे, मुख्यतः सर्पेंटाइन. ही खनिजं कोरडी जन्मत नाहीत. ऑलिव्हिनसारख्या दगडात पाणी मुरतं, पाण्याचा अंश खनिजाच्या जाळीतच बांधला जातो, लोह सुटून मॅग्नेटाइट बनतं आणि हायड्रोजन बाहेर पडतो. यान बेन्नूजवळ पोचलं तेव्हाच, डिसेंबर 2018 मध्ये, त्याच्या प्रकाशातून या बांधलेल्या पाण्याची खूण दिसली होती. माती आली तेव्हा ते खरं ठरलं.

विनय : पाणी कुठून? बेन्नू पाचेकशे मीटरचा दगडांचा ढीग आहे. त्याच्यावर पाणी टिकेल कसं?

ताई : बेन्नूवर नाही रे, त्याच्या पूर्वजात. तो कितीतरी मोठा पिंड होता. पुढे टकरीत फुटला आणि त्याच्या तुकड्यांचा हा ढीग झाला. सूर्यमाला जन्मली तेव्हा तिच्यात ॲल्युमिनियम-26 होतं. किरणोत्सारी, अर्ध आयुष्य सात लाख वर्षांच्या आसपास. पिंडाच्या पोटात त्याची उष्णता साठली आणि बर्फ वितळला. फार तापला नाही. रयुगूच्या बाबतीत मोजलं तर पाण्याचं तापमान चाळीस अंशांच्या जवळपास निघतं. म्हणजे अंघोळीचं पाणी. खडक, कोमट पाणी, त्यात अमोनिया आणि फॉर्माल्डिहाइड. अमोनिया असला की पाणी शून्याच्या बरंच खाली गेलं तरी गोठत नाही. म्हणून ही पाण्याची सोबत लांबली. पण हे सगळं आम्हाला अशनींवरून साधारण ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे की पुढे त्या पाण्याचं काय झालं.

विनय : काय झालं?

ताई : आटलं. आणि आटताना पाणी आपला इतिहास लिहून जातं. मिठागर पाहिलंयस ना? सगळे क्षार एकदम बसत नाहीत. जो सगळ्यांत कमी विरघळतो तो आधी बसतो, जो सगळ्यांत जास्त विरघळतो तो शेवटपर्यंत पाण्यात तग धरतो. बेन्नूच्या कणांत ही अख्खी ओळ सापडली. आधी कॅल्शियमची आणि मॅग्नेशियमची कार्बोनेटं. मग फॉस्फेट. मग सोडियमची कार्बोनेटं. आणि अगदी शेवटी क्लोराइड आणि फ्लोराइड, म्हणजे आपलं साधं मीठसुद्धा. आटत्या पाण्यातून बसणारी अकरा खनिजं मोजली त्यांनी. त्यांत ट्रोना आहे. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा एकाच स्फटिकात पाण्यासह बसले की ट्रोना होतो. पृथ्वीबाहेरच्या नमुन्यात तो पहिल्यांदाच दिसला.

विनय : अशनींमध्ये का दिसला नव्हता?

ताई : कारण तो विरघळतो! दमट हवेत दोन-चार पावसाळे काढले की संपला. ऑर्गेयमध्येही कदाचित होता, आणि पॅरिसच्या हवेने तो नेला. हाच मुद्दा मी पहिल्यापासून सांगतेय. यान पाठवून काय मिळालं असं तू विचारलंस. अमिनो आम्लं अशनीतही होती, ती मिळवायला यान लागत नव्हतं. शेवटचा खार मिळवायला यान लागलं.

मला यातला फॉस्फेटचा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. डीएनए-आरएनएचा कणा फॉस्फेटचा असतो. पृथ्वीवर मात्र फॉस्फेट पाण्यात मोकळं राहत नाही. कॅल्शियम भेटलं की त्याला मिठी मारून ॲपेटाइट बनतं आणि तळाशी बसतं, मग ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. जीवसृष्टीच्या उगमाच्या चर्चेत ही जुनी अडचण आहे. सोडियम कार्बोनेटने भरलेल्या पाण्यात ती सुटते. तिथे कार्बोनेट आधीच कॅल्शियमला पकडून चुनखडीसारखं खाली बसवतं, त्यामुळे फॉस्फेटला पकडणारं कुणी उरत नाही आणि ते पाण्यात साठत जातं. बेन्नूच्या कणांत मॅग्नेशियम-सोडियमचं पांढरं, ठिसूळ फॉस्फेट मिळालं. म्हणजे कॅल्शियम संपलं आणि फॉस्फेट उरलं, असं पाणी तिथे प्रत्यक्ष होतं. शनीचा उपग्रह एन्सेलॅडस याच्या फवाऱ्यातून निघालेल्या बर्फकणांत 2023 मध्ये फॉस्फेट दिसलं, आणि तिथला समुद्रही सोडियम कार्बोनेटवालाच आहे.

ताई : आता तुझ्या पातळपणाकडे ये. तळ्यातलं पाणी शंभर भागांवरून एका भागावर आलं, तर त्यातला विरघळलेला रेणू शंभरपट दाट होतो. साधं मीठ बसायची वेळ येईपर्यंत त्या भेगांमध्ये पाणी फार थोडं उरलं होतं. अमोनिया, फॉर्माल्डिहाइड, बेस, फॉस्फेट, सगळे त्या शेवटच्या थेंबांत गोळा झाले असणार. त्याला अजूनही पातळ म्हणशील?

विनय थोडा वेळ गप्प होता. मग त्याने जे सांगितलं त्याने मी वादात बाजू बदलली, निदान अर्धी.

विनय : नाही म्हणणार. पण मग प्रश्न आणखी अवघड झाला ताई. इतका वेळ मला म्हणता येत होतं की दाटपणा नव्हता म्हणून काही घडलं नाही. आता तुम्हीच सांगता की दाटपणा होता, फॉस्फेट होतं, साखर होती, बेस होते, चिकणमाती होती, कोमट पाणी होतं, वेळही होता. मग आरएनएचा एक तुकडा तरी कुठे आहे? अमिनो आम्लांची साखळी कुठे आहे? रायबोज सुटं, बेस सुटे, फॉस्फेट सुटं. शेजारी शेजारी बसले आणि अनोळखीच राहिले. बेन्नू हा माझ्या मते फसलेला प्रयोग आहे. आणि फसलेला आहे म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो.

ताई : फसला का, हेही सांग मग.

विनय : दोन अमिनो आम्लं जोडायची तर त्यांच्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर काढावा लागतो. बेस, साखर आणि फॉस्फेट जोडतानाही तेच. भोवती पाणीच पाणी असताना ही जोडणी उलट्या दिशेने जाते, जोडलेलं सुटतं. म्हणून प्रयोगशाळेत हे घडवायचं तर मिश्रण वाळवतात, मग ओलं करतात, परत वाळवतात. वाळताना जोडणी होते, ओलं झाल्यावर तुकडे हलतात, नव्या जोड्या जमतात. हे पुन्हा पुन्हा व्हावं लागतं. तरुण पृथ्वीवर भरती-ओहोटी होती, गरम झऱ्यांचे काठ होते, ऊन-पाऊस होता. तुमच्या पिंडात काय झालं? एकदा ओलं झालं, एकदा वाळलं, ॲल्युमिनियम-26 संपलं, सगळं गार पडलं. एकाच आवर्तनात काय होणार?

ताई : एकदाच वाळलं, हे कशावरून? भेगा एका वेळी फुटत नाहीत. एक भेग उघडते, तिथलं पाणी बाहेर निसटतं, दुसरीकडून पुन्हा पाझरतं. काही पाणी उडालं असेल, काही गोठलं असेल. शिरा एकमेकींना कशा छेदतात ते पाहून हे सांगता येतं. एकाच शिरेत तोच क्षार दोनदा बसलेला दिसला तर पाणी परत आलं होतं. हे काम आता कुठे सुरू झालंय.

विनय : दिसलं तर मी मान्य करीन. दुसरी गोष्ट मात्र आजच दिसतेय, ती डाव्या-उजव्याची. अमिनो आम्लाचे दोन हात असतात, आरशातल्या प्रतिमेसारखे. पृथ्वीवरचे सगळे जीव प्रथिनांत डावेच वापरतात. मर्चिसनमधल्या आयसोव्हॅलिनमध्ये डाव्यांचा भरणा थोडा जास्त सापडला होता. आयसोव्हॅलिन आमच्या प्रथिनांत नसतं, म्हणजे ती भेसळही नव्हे. त्यावरून एक सुंदर कल्पना उभी राहिली की डावेपणाचा कल अंतराळातूनच आला, अशनींनी पृथ्वीला आधीच झुकवून दिलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ती पटली होती. बेन्नूत काय निघालं? डावे आणि उजवे समसमान. रयुगूतही तसेच. दोन्ही स्वच्छ नमुने एकच सांगतात.

ताई : त्यात माझा काही वाद नाही. मर्चिसनवाल्यांना आता नवं स्पष्टीकरण शोधावं लागेल.

विनय : मग बघा, जीवाचं साहित्य म्हणताना ज्या दोन गोष्टी जीवाला खरोखर जीव बनवतात, एका हाताची निवड आणि साखळी, त्या दोन्ही नाहीत. बाकी सगळं आहे. म्हणून मी म्हणतो, बेन्नूने साहित्य शोधून दिलं नाही, साहित्य स्वस्त असतं हे दाखवलं. सूर्यमालेत जिथे बर्फ, दगड आणि थोडी ऊब एकत्र आली तिथे हे सगळं आपोआप बनतं. महाग आहे ती जोडणी.

यावर ताईंनी लोणार काढलं, आणि भूविज्ञानाच्या मराठी प्राध्यापकाने ते न काढणं अवघडच होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवर अशनीच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या खळग्यात आहे आणि त्याचं पाणी याच जातीचं, सोडियम कार्बोनेटचं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर खाराची साय धरते. पूर्वी तो खार काढून विकत. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावं जुन्या नोंदींत आहेत.

ताई : लोणारला तर तुझी ओली-सुकी आवर्तनं दर वर्षी होतात. तिथे का नाही शोधत जोडणी?

विनय : कारण तिथे शोधायला काही उरतच नाही. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं आठवतं? ते खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगाने. इतक्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातही थेंबाथेंबात जीव आहे. तिथे एखादा आरएनएचा तुकडा आपोआप बनला तरी दुपारपर्यंत कुणीतरी तो खाऊन टाकेल. डार्विनने 1871 मध्ये हूकरला लिहिलेल्या पत्रात हीच अडचण नोंदवली होती. पृथ्वीवर जीव नसलेलं तळं मिळत नाही.

ताई : आणि बेन्नू?

विनय : बेन्नू म्हणजे कुणी न खाल्लेलं लोणार. हे मी तुमच्या बाजूने बोलतोय, लक्षात घ्या.

ताई : घेतलं. मग मीही एक सोडते. साहित्य पृथ्वीवर अंतराळातूनच आलं, असं मी पूर्वी ठासून सांगायची. आता तसं सांगणार नाही. बेन्नूवरून एवढंच कळतं की ते बाहेर बनू शकतं आणि साडेचार अब्ज वर्षं टिकू शकतं. पृथ्वीने स्वतः किती बनवलं आणि बाहेरून किती आलं, याचा हिशेब 121 ग्रॅमांतून निघत नाही.

विनय : एक कबुली माझीही. डीऑक्सिरायबोज, म्हणजे डीएनएमधली साखर, बेन्नूत सापडली नाही आणि आरएनएमधलं रायबोज सापडलं. जीवसृष्टीत आरएनए आधी आलं असं मानणाऱ्यांना याने आधार मिळतो. मी अजून कुंपणावर आहे, पण पहिल्यापेक्षा थोडा त्यांच्याकडे झुकलोय. तरी ग्लुकोजवरून उड्या मारू नका. फॉर्माल्डिहाइडचे रेणू अल्कधर्मी पाण्यात एकमेकांना जुळत जुळत त्यांच्या साखरा बनतात, ही अभिक्रिया एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. तिला जीव लागत नाही. तुमचं सोड्याचं पाणी लागतं.

ताई : म्हणजे पुन्हा खारच!

माझा कल सांगायचा तर 'काय आहे' यात ताई बरोबर आहेत आणि 'काय नाही' यात विनय. बेन्नूच्या मातीचं मोल मी तिच्यातल्या यादीपेक्षा तिच्यातल्या क्रमाला देईन. पाणी कधी आलं, किती तापलं, कोणत्या क्रमाने आटलं आणि आटताना कुणाला कुणाशेजारी ठेवून गेलं, हे त्या कणांवर वाचता येतं. साखळी सापडायचीच असेल तर ती अशा शेवटच्या खाराच्या शिरेत सापडेल. आणि ती तिथेही नसेल, तर विनयचं 'एकच आवर्तन पुरत नाही' हे म्हणणं बरंच पक्कं होईल. तपासायला माती शिल्लक आहे. आणलेल्या मातीचा किमान 70 टक्के भाग नासाने पुढच्या संशोधकांसाठी राखून ठेवायचं ठरवलेलं आहे. शिवाय चीनचं तियानवेन-2 यान मे 2025 मध्ये एका दुसऱ्या लघुग्रहाकडे निघालं आहे, तेही माती घेऊन परतणार आहे.

तेव्हा पुढची 'अंतराळात जीवनाचे घटक' ही बातमी येईल, आणि ती येणारच, तेव्हा काय सापडलं हे वाचून थांबू नका. डावे-उजवे किती होते ते बघा, आणि रेणू सुटे होते की जोडलेले हे बातमीत लिहिलंय का तेही बघा. लिहिलं नसेल तर ते सुटेच होते असं समजा.